कार्डाची मागची बाजू

ती चूक माझी होती. हे मी तेव्हा तोंडाने सांगितलं, कागदावर लिहून दिलं आणि आज परत लिहिते आहे. तेव्हा दोन माणसांनी मला बजावलं होतं की असं कबूल करायचं नसतं. दोघेही वयाने मोठे होते. तरी मी ऐकलं नाही, आणि त्याचा मला पस्तावा नाही.

बी.ए. झाल्यावर मी वाशीमकडून भांडुपला मावशीकडे राहायला आले आणि शाळेच्या गल्लीतल्या एका दुकानात कामाला लागले. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, एवढं सगळं एका खोलीएवढ्या जागेत चालायचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे दुकानात लोक मला "ताई, एवढं वाचून सांगा ना" म्हणाले की मला फार बरं वाटायचं. मला वाचता यावं म्हणून ज्यांनी हाल काढले, त्यांचं काही तरी मी फेडते आहे असं वाटायचं. दुकानाचे मालक मूळचे मालवणकडचे, त्यांचे वडील गिरणीत होते. मी त्यांना काका म्हणायचे. ते मला नावाने हाक मारत नसत, "गो बीए" म्हणत. चिडले की जास्तच.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारं काम एकच. ओळखपत्राच्या दोन्ही बाजू एका पानावर. नोकरीचा फॉर्म असो, शाळाप्रवेश असो की गॅसचं कनेक्शन, खाली एक ओळ ठरलेली असते: ओळखपत्राची पुढची व मागची बाजू एकाच पानावर जोडावी. लोकांना ते सोपं वाटतं. कार्ड काचेवर ठेवलं, झालं. पण कार्ड काचेच्या कडेला अगदी चिकटवून ठेवलं तर त्याची कड कापली जाते, म्हणून बोटभर आत ठेवायचं. पुढची बाजू स्कॅन करायची, कार्ड उलटायचं, मागची बाजू स्कॅन करायची. मग दोन्ही चित्रांची भोवतालची पांढरी जागा कापायची. पण कापताना चारही कोपरे दिसले पाहिजेत. कार्डाला अगदी टेकून कापलं तर बघणाऱ्याला वाटतं, काही तरी लपवलंय.

मी चारही बाजूंनी एक बारीक रेघ पांढरी सोडायचे. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई वहीला समास सोडल्याशिवाय पान तपासत नसत. त्यांच्या हाताची सवय माझ्या हातात आली असावी.

मग ती दोन चित्रं पानावर ठेवायची, वर चेहऱ्याची बाजू, खाली पत्त्याची. आकार खऱ्या कार्डाएवढा, म्हणजे साधारण साडेआठ सेंटिमीटर रुंद. चित्र मोठं करायचं तर कोपऱ्याला धरून ओढायचं. बाजूला धरून ओढलं की माणसाचा चेहरा रुंद होतो. मी नवीन असताना एका गृहस्थांना असं फुगवलं होतं. ते म्हणाले, "ताई, घरी बायको म्हणते वाळलास, आणि तुम्ही तर मला मालकच करून टाकलंत."

दिवसाला अशी वीस-पंचवीस पानं करायची म्हणून काकांनी एक फाइल बनवून ठेवली होती. त्या पानावर वर एक चित्र आणि खाली एक, आधीच नीट मापात बसवलेली. नवीन गिऱ्हाईक आलं की वरच्या चित्रावर क्लिक करून ते बदलायचं, मग खालचं बदलायचं, प्रिंट द्यायची. आकार, जागा, काही बघावं लागत नसे. काका म्हणायचे, "ह्या फाइलीनं माझे दोन माणसांचे पगार वाचवले." ते खरं होतं. पण त्या फाइलीत आदल्या गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाजू तशाच पडून असायच्या, पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत. ह्याचा मी कधी विचार केला नव्हता. कोणीच केला नव्हता.

ती बाई मंगळवारी आली. विक्रोळीला कारखान्यांच्या मागच्या चाळीत राहायची आणि आमच्या गल्लीसमोरच्या इमारतीत दोन घरची कामं करायची. मी तिलाही मावशी म्हणायचे, पण माझी खरी मावशी घरी होती म्हणून इथे विक्रोळीची मावशी म्हणते. तिला मुलुंडच्या एका शाळेत सेविकेचं काम मिळणार होतं. माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीमार्फत. सकाळी सात ते तीन, रविवार सुट्टी, उन्हाळ्यात महिनाभर मोकळीक. आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी म्हणून सुट्टी मिळणार होती तिला.

"ताई, नीट करा हां," ती म्हणाली. "शुक्रवारी चारपर्यंत द्यायचंय. नाही दिलं तर पुढची बाई घेतील."

मी तिचं कार्ड काचेवर ठेवलं, दोन्ही बाजू घेतल्या, कापल्या. फाइल उघडली. वरचं चित्र बदललं. तेवढ्यात लॅमिनेशनच्या मशीनमध्ये कोणाची तरी मार्कशीट अडकली आणि काकांनी हाक मारली. मी उठले, मार्कशीट सोडवली, परत येऊन बसले. पानावर वर मावशीचा चेहरा होता, खाली एक पत्ता होता. मी प्रिंट दिली.

खालचं चित्र बदलायचं राहिलं होतं. खाली होती मावशीच्या आधी आलेल्या गृहस्थांची मागची बाजू. कांजूरच्या एका इमारतीचा पत्ता, आणि त्यांचा नंबर.

आता तुम्ही म्हणाल, दिसलं कसं नाही. पण सगळी कार्डं मागून सारखीच दिसतात. पुढे चेहरा असतो, म्हणून पुढची बाजू लगेच ओळखता येते. मागे नुसत्या बारीक ओळी, एक चौकोनी ठिपक्यांचा कोड आणि नंबर. रोज वीस कार्डं कापणाऱ्या माणसाला सुद्धा मागची बाजू कोणाची, हे वाचल्याशिवाय कळत नाही. आणि मी वाचलं नाही.

मावशीने मात्र त्या पानावर सही केली. अशा प्रतीवर आपणच सही करून ही खरी प्रत आहे असं सांगायचं असतं. आधी ती अंगठा लावायची. मुलीने तिला सही शिकवली होती, एकेक अक्षर वेगळं. पेन धरून ती काउंटरवर वाकली, श्वास रोखून सही केली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा, आली ना?"

"झकास आली मावशी," मी म्हटलं.

म्हणजे मी तिला दुसऱ्याच्या पत्त्याखाली सही करायला लावली होती, आणि वर तिचं कौतुकही केलं होतं.

गुरुवारी दुपारी ती परत आली. काउंटरवर पान ठेवलं. वरच्या नंबराभोवती लाल पेनाने गोल, खालच्या नंबराभोवती लाल गोल, आणि बाजूला लिहिलेलं: "दोन वेगळी कार्डं. खोटी प्रत."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"ताई, मी कधी कोणाच्या घरातला चमचा इकडचा तिकडे केला नाही," ती म्हणाली. "तो साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, सही तुझीच आहे ना. मी म्हटलं हो, माझीच. तर म्हणतो, मग खोटं तूच केलंस. उद्या चारला यादी बंद. आणि एकदा नाव लाल झालं की दुसऱ्या कुठल्या शाळेत पण घेत नाहीत. त्यांचीच माणसं सगळीकडे जातात ना."

मी पान बघितलं. दोन मिनिटं लागली नाहीत. फाइलीत आदल्या गिऱ्हाइकाची बाजू राहिली होती हे मला लख्ख कळलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका मध्ये पडले.

"ते कधी कधी सिस्टिमचं होतं बाई," ते म्हणाले. "सर्व्हर डाऊन होता त्या दिवशी. नवीन काढून देतो. पैसे नको."

"काका, सर्व्हरचा काय संबंध," मी म्हटलं. "चूक माझी आहे. मी खालची बाजू बदलली नाही."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. काका मला आत, कागदांच्या रिमांमागे घेऊन गेले.

"तुका कोणी सांगल्यान गो सत्य बोलायला?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "दुसऱ्याचा नंबर तिच्या कागदात गेला, हे कळलं तर तो कांजूरवाला येऊन माझं दुकान डोक्यावर घेईल. नवीन प्रिंट दे आणि पाठव."

"नुसत्या नवीन प्रिंटने होणार नाही. तिला खोटी म्हटलंय. मी उद्या तिच्याबरोबर जाते. तसं लिहून पण देते."

"लिहून? दुकानाच्या नावाने?"

"शिक्का द्या, मी लिहिते."

काकांनी शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला आणि किल्ली खिशात. "बीए झालीस म्हणजे कलेक्टर नाही झालीस," ते म्हणाले. "उद्या सुट्टी घेतलीस तर परत यायच्या आधी फोन करून विचार, जागा आहे का."

नोकरी जाईल ह्याची भीती वाटली, वाटली नाही असं नाही. घरी बाबांना फोनवर काय सांगायचं, हेही डोक्यात आलं. पण मी शिकले ते काय "सर्व्हर डाऊन" म्हणायला? माझ्या बाबांना प्रत्येक खिडकीवर कोणी ना कोणी असंच काही तरी सांगून परत पाठवलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून ते परत यायचे. मी आता खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते. आत बसून मी तेच वाक्य बोलणार नव्हते.

शुक्रवारी सकाळी मी रेघांच्या कागदावर पत्र लिहिलं. अमुक दिवशी ही प्रत मी तयार केली, मागची बाजू बदलायची राहिली, अर्जदार बाईंचा यात काही दोष नाही. खाली माझं नाव, बी.ए., सही, फोन नंबर. शिक्का नव्हता. दोघी बसने मुलुंडला गेलो. मावशीने नव्या साडीला पिन लावली होती आणि कार्ड पदराच्या टोकात बांधलं होतं. रस्ताभर ती फक्त एकदा बोलली. "तुमचं काम जाईल का ताई?"

"बघू," मी म्हटलं.

"माझ्यामुळे नको हां."

"तुमच्यामुळे नाही मावशी. माझ्यामुळे."

एजन्सीचं ऑफिस एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. बाहेर बाकावर पाच-सहा बाया फाइली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आत टेबलामागे तो साहेब, पस्तिशीचा असेल, समोर फॉर्मचा गठ्ठा. मी ते लाल गोलांचं पान टेबलावर ठेवलं आणि पत्र पुढे केलं. त्याने वाचलं, उलट करून मागे बघितलं, परत ठेवलं.

"शिक्का कुठाय?"

"शिक्का नाही. मी आहे."

"असं कोणी पण येऊन लिहून देईल मॅडम. आणि सही बाईंची आहे. ह्या खालच्या कार्डवाल्या माणसाला घेऊन या, मग बघू."

"त्यांना नाही आणणार," मी म्हटलं. "त्यांचा नंबर आधीच माझ्या चुकीने इथे आलाय. आता त्यांना पण आणायचं म्हणजे एका चुकीच्या दोन होतील."

"मग मी काही करू शकत नाही. तुमच्या भल्यासाठी सांगतो, असं लिहून देत फिरू नका. उद्या केस झाली तर अडकाल."

हे सांगणारा तो दुसरा माणूस.

"मावशींचं खरं कार्ड इथे आहे," मी म्हटलं. "तुमच्यासमोर दोन्ही बाजू घेऊ. तुमच्याच मशीनवर."

मशीन कोपऱ्यात होतं. आमच्या दुकानातल्यापेक्षा चांगलं. त्याच्यावर ओळखपत्रासाठी वेगळं बटण असतं: कार्ड ठेवा, दाबा, उलटा, परत दाबा, दोन्ही बाजू एका पानावर येतात. कापायला नको, माप लावायला नको. मी पुढे झाले तर त्याने हात आडवा केला.

"तुमच्या हातचा कागद मला नकोय. मी करतो."

"करा. तेच पाहिजे."

मावशीने पदराची गाठ सोडून कार्ड दिलं. त्याने काचेवर ठेवलं, झाकण पाडलं, बटण दाबलं. पट्टीएवढा उजेड काचेखालून सरकत गेला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो फोन कानाला लावून बोलायला लागला, "हो, पाठवतो, आज सगळे फॉर्म जातील," आणि बोलता बोलता दुसऱ्यांदा बटण दाबलं. पान बाहेर आलं. फोन चालूच. त्याने पान न बघता उचललं, फॉर्मला लावलं आणि स्टेपलर हातात घेतला.

मला तर फक्त पानाची मागची पांढरी बाजू दिसत होती. मावशी टेबलाच्या त्या बाजूने वाकली होती. गुरुवारपासून ती कुठलाही कागद वरून खालपर्यंत बघितल्याशिवाय सोडत नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "थांबा जरा. माझी मागची बाजू कुठाय?"

त्याने पान समोर धरलं. वर मावशीचा चेहरा. खाली मावशीचा चेहरा. कार्ड उलटायचं राहून गेलं होतं.

फोनमधून कोणी तरी हॅलो हॅलो करत होतं. बाहेर बाकावरच्या बायांपैकी एक दारातून डोकावली आणि म्हणाली, "अगं बया, तू तर जुळी निघालीस." बाक हसला. मावशी हसली नाही. तिने अगदी सरळ विचारलं, "साहेब, ह्यावर मी सही केली असती तर परत खोटं मीच केलं असतं का?"

त्याचे कान लाल झाले. "मशीन जुनं आहे," तो म्हणाला.

"मशीन बरोबर आहे," मी म्हटलं. "तुमचा फोन आला, माझ्याकडे मार्कशीट अडकली होती. तुमची चूक तुम्हाला लगेच दिसली, कारण चेहरा दोनदा आला. माझी दिसली नाही, कारण मागे चेहरा नसतो. एवढाच फरक."

त्याने फोन बंद करून खिशात ठेवला. मग परत मशीनपाशी गेला. ह्या वेळी कार्ड ठेवलं, दाबलं, झाकण उघडलं, उलटलं, आमच्याकडे बघितलं, दाबलं. पान आलं. मावशीने त्याच्या हातातून ते घेतलं. तिला अक्षरं अडखळत वाचता येतात, पण आकडे पक्के, बसचे नंबर वाचून वाचून. वरच्या नंबराच्या शेवटच्या चार आकड्यांवर एक बोट ठेवलं, खालच्या शेवटच्या चारांवर दुसरं. ओठ हलले.

"सारखे," ती म्हणाली.

मग खुर्ची मागितली नाही, उभ्यानेच टेबलावर वाकून सही केली. एकेक अक्षर वेगळं. तेवढा वेळ तो थांबला, घाई केली नाही. फॉर्मवर आवकचा शिक्का मारला. तीन वाजायला वीस मिनिटं होती.

मी हललेच नाही.

"आता काय?" त्याने विचारलं.

"ते लाल गोलाचं पान द्या. आणि आत्ताचं दोन चेहऱ्यांचं पण."

"बाद कागद फाइलला राहतो."

"त्याच्यावर एका माणसाचा पत्ता आणि नंबर आहे. ते तुमच्याकडे नोकरी मागायला आलेले नाहीत. माझं पत्र ठेवा फाइलला, त्यात सगळं लिहिलंय. ते पान मी इथे ठेवून जाणार नाही."

"मॅडम, तुम्ही फारच..." तो थांबला. बहुतेक "हट्टी" म्हणणार होता. दोन्ही पानं त्याने माझ्यापुढे सरकवली. मी ती तिथेच फाडली, आधी उभी, मग आडवी, मग पुन्हा उभी, आणि तुकडे पर्समध्ये भरले. दुकानात जाऊन बादलीतल्या पाण्यात टाकले तेव्हा त्यांचा लगदा झाला.

दुकानात जायच्या आधी मी फोन केला नाही. सरळ गेले. काका काउंटरवर होते. त्यांनी मान वर केली नाही, पण माझी खुर्ची रिकामी होती. मी संगणक चालू केला, ती फाइल उघडली, आणि दोन्ही चित्रं काढून त्या जागी नुसत्या दोन रिकाम्या चौकटी ठेवल्या. वरच्या चौकटीत लिहिलं "पुढची", खालच्या चौकटीत "मागची". आता एक बाजू राहिली तर पानावर रिकामी चौकट दिसेल, दुसऱ्याचा पत्ता नाही. काम झालं की फाइल जतन न करता बंद करायची आणि स्कॅन केलेली चित्रं पुसायची. प्रत्येक वेळी अर्धं मिनिट जास्त जातं.

"ह्याने गर्दीच्या वेळी वाट लागेल," काका म्हणाले.

"लागू दे."

कांजूरच्या गृहस्थांना मी शनिवारी, दुकानाच्या वहीतून फोन नंबर काढून, फोन करून सांगितलं. ते चिडले, चांगली पाच मिनिटं चिडले, आणि ते बरोबरच होतं. मी ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, "ते पान आता कुठाय?" मी म्हटलं, लगदा झाला. ते म्हणाले, "ठीक आहे. पण मला सांगितलंत कशाला? मला कळलंच नसतं." मी म्हटलं, म्हणूनच. त्यानंतर ते आमच्या दुकानात आले नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

मावशी जूनमध्ये शाळेत रुजू झाली. आता ती दुपारी साडेतीनला गल्लीतून जाते, निळ्या साडीत, गळ्यात शाळेचं ओळखपत्र. मागच्या महिन्यात ती शाळेतल्या दुसऱ्या एका बाईला घेऊन आली, तिच्या कार्डाच्या दोन्ही बाजू एका पानावर करायला. मी आत होते, काकांनीच पान केलं. त्यांनी प्रिंट काढली आणि नेहमीप्रमाणे घडी घालायला लागले.

मावशीने काउंटरवर हात ठेवला. "काका, घडी नको. आधी वरचे चार वाचा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी लॅमिनेशनच्या मशीनमधून मान वर काढली नाही.

मग त्यांनी चष्मा लावला आणि हळू आवाजात, बाहेरच्यांना ऐकू जाणार नाही असे, वरचे चार आकडे वाचले. मावशीने खालचे चार वाचले. दोन्ही सारखे आल्यावर तिने पेन त्या नव्या बाईच्या हातात दिलं आणि म्हणाली, "कर आता सही. बिनधास्त."